विझलेल्या दिव्याचा धूर: लंडनच्या नॅशनल गॅलरीत एका चित्रासमोर

ट्राफल्गार चौकातल्या नॅशनल गॅलरीत कायमचा संग्रह बघायला पैसे पडत नाहीत. त्याचा मोठा फायदा असा, की तिकीट वसूल करण्याची घाई नसते आणि एका चित्रासाठी अख्खी दुपार देता येते. आम्ही ती हार्मेन स्टेनवाइक या डच चित्रकाराच्या एका चित्राला दिली. साधारण १६४० सालचं हे चित्र मानवी जीवनाच्या व्यर्थतेचं रूपक म्हणून ओळखलं जातं. ते कोणत्या दालनात टांगलंय हे निघण्यापूर्वी गॅलरीच्या संकेतस्थळावर बघून घ्या, कारण चित्रं जागा बदलतात.

पहिला धक्का आकाराचा. ओकच्या फळीवर तैलरंगात केलेलं हे चित्र जेमतेम ३९ सेंटिमीटर उंच आणि ५१ सेंटिमीटर रुंद आहे. पुस्तकात बघून आलेला माणूस ते शोधताना पुढे निघून जातो. समोर उभं राहिलं की वार्निशवर दिव्यांची चकाकी येते, म्हणून थोडं बाजूला सरकून साधारण हातभर अंतरावरून बघावं.

नजर लगेच कवटीकडे जाते, पण वाचायला सुरुवात डावीकडून करावी. डावीकडचा बराचसा भाग म्हणजे नुसती भिंत. तिच्यावरून प्रकाशाचा एक तिरका पट्टा खाली उतरतो आणि थेट कवटीच्या कपाळावर पडतो. बाकीच्या वस्तू टेबलाच्या उजव्या बाजूला दाटीवाटीने रचल्या आहेत. रिकामी भिंत हा या चित्राचा अर्धा आशय आहे. इंटरनेटवरच्या प्रतींमध्ये बऱ्याचदा नेमका तोच भाग कापलेला किंवा उजळवलेला असतो, आणि मग चित्र म्हणजे जुन्या बाजारातलं सामान वाटू लागतं.

आता वस्तू. पुस्तकं म्हणजे ज्ञान. ल्यूट नावाचं तंतुवाद्य, बासरी आणि सनईच्या जातीच्या वाद्याचा एक तुकडा म्हणजे इंद्रियांचं सुख. जपानी तलवार आणि मोठा शंख म्हणजे संपत्ती. घड्याळ आणि विझता दिवा म्हणजे सरता काळ, आणि या सगळ्यांच्या मधोमध कवटी. गॅलरीचं स्पष्टीकरणही साधारण असंच आहे आणि ते बरोबरच आहे. पण एवढ्यावर थांबलं तर चित्र म्हणजे शब्दकोश होतो: वस्तू दिसली की अर्थ चिकटवा आणि पुढे चला. आपल्याकडेही मूर्तीच्या हातातली आयुधं मोजून देव ओळखला, की दर्शन झालं असं काही जण समजतात, तसंच हे.

घड्याळाचंच घ्या. त्या काळच्या खिशातल्या घड्याळाला सहसा एकच काटा असे, तासाचा. मिनिटकाट्याला अर्थच नव्हता, कारण चक्राला आवर घालणारी सर्पिल कमान १६७५ च्या सुमारास आली. त्याआधीची घड्याळं दिवसाला पाव तास किंवा त्याहूनही जास्त चुकत. शिवाय त्यांना रोज किल्ली द्यावी लागे. म्हणजे हे वेळ अचूक सांगणारं यंत्र नव्हतं. ती एक महागडी, नाजूक वस्तू होती आणि मालकाने एक-दोन दिवस लक्ष दिलं नाही तर बंद पडणारी होती. श्रीमंती आणि नश्वरता, दोन्ही एकाच वस्तूत. अशा चित्रांतल्या घड्याळात किती वाजलेत यावरून गूढ अर्थ काढणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये.

दिवा कवटीच्या मागे आहे. तो शोधावा लागतो, आणि धुराची रेघ तर त्याहून जास्त. हा दिवा थंड पडलेला नाही, नुकताच विझलाय. चित्रातली हीच एक गोष्ट अजून घडते आहे. या चित्रप्रकाराला ‘वानितास’ म्हणतात. हा लॅटिन शब्द बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकातून आला. ‘व्यर्थ, सर्व काही व्यर्थ’ असं ते पुस्तक सांगतं. तिथे मूळ हिब्रू शब्द आहे ‘हेवेल’, आणि त्याचा शब्दशः अर्थ वाफ किंवा श्वास. चित्रकाराने हिब्रू वाचलं होतं असा दावा करायचा नाही. पण मराठी ‘व्यर्थ’पेक्षा ही धुराची रेघ मूळ शब्दाच्या जास्त जवळ जाते, एवढं खरं.

शंख आणि तलवार या दोन वस्तू जहाजांनी आणलेल्या. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली स्थापन झाली. १६३९ नंतर जपानशी व्यापार करायची मुभा युरोपीयांपैकी फक्त डचांना उरली. म्हणजे हॉलंडमधल्या टेबलावरची जपानी तलवार ही त्या वेळची दुर्मीळ चैन होती. शंख उष्ण समुद्रातला, संग्राहक असे शंख चढ्या भावाने विकत घेत. आतला जीव गेल्याशिवाय शंख संग्रहात येत नाही, हे मात्र कवटीशेजारी ठेवल्यावरच डोक्यात शिरतं. याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यालाही होती आणि तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. ते बघितलेल्या माणसाला ‘सरती संपत्ती’ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

स्टेनवाइक मूळचा डेल्फ्टचा. चित्रकला शिकला तो लायडनला, मामा डेव्हिड बाइलीकडे. लायडन हे कॅल्विनपंथी, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या, विद्यापीठाचं गाव, त्यामुळे पुस्तकं आणि कवटी एकत्र रंगवायची रीत तिथे रुजली यात नवल नाही.

उजवीकडच्या मातीच्या मोठ्या सुरईपाशी जरा थांबा. तिच्या जागी चित्रकाराने आधी एका पुरुषाचा अर्धपुतळा रंगवला होता आणि नंतर तो झाकून टाकला. तैलरंगाचा थर जुना होत जातो तसा पारदर्शक होतो, म्हणून खालचं काम भुतासारखं वर येऊ लागतं. चकाकी टाळून तिरकं बघितलं तर त्याची चाहूल लागते. पुतळा म्हणजे कीर्ती, असं वाचायचा मोह होतो. पण तो काढल्यामुळे अर्थ बदलला की फक्त रचना सुधारली, हे चित्र सांगत नाही. चित्रकार कधीकधी नुसती जागा भरायला सुरई ठेवतो.

याच गॅलरीत विलेम काल्फचं साधारण १६५३ चं एक चित्र आहे. त्यात लालभडक लॉब्स्टर, अर्धवट सोललेलं लिंबू, गालिचा आणि चांदीने मढवलेलं पेयाचं शिंग आहे. लिंबू दिसलं की ‘बाहेरून सुंदर, आतून आंबट, तसं हे जग’ असं सांगायची पद्धत पडली आहे. इथे ते लागू करताना आम्ही तरी कचरतो. कवटी नाही, वाळूचं घड्याळ नाही, विझता दिवा नाही. काळाची साक्ष देणारं काहीच नाही. लिंबू लोक माशांवर आणि वाइनमध्ये पिळत, आणि लोंबणारी साल रंगवणं ही चित्रकाराची हातचलाखी दाखवायची जागा होती. शिंग तर ॲमस्टरडॅममधल्या सेंट सेबास्टियन धनुर्धारी मंडळाचं खरंखुरं शिंग आहे आणि ते आजही जपलेलं आहे. म्हणजे इथे रूपकाआधी एका मंडळाची मालमत्ता ओळखावी लागते.

दोन्ही चित्रं एकाच फेरीत बघणार असाल तर काल्फ आधी बघा. स्टेनवाइकनंतर लॉब्स्टरमध्येसुद्धा मरण दिसू लागतं, आणि तो दोष चित्राचा नसतो.