जामीन झाला, तारीख राहिली

पोलीस ठाण्यात समन्स-वॉरंटचं टेबल कुणालाच नको असतं. गुन्ह्याचा तपास केला तर नाव होतं. समन्स बजावून कुणाचं झालेलं ऐकलं नाही. मी मात्र हे टेबल बरीच वर्षं सांभाळतोय आणि गेल्या महिन्यात एका निवृत्त शिक्षकांना अजामीनपात्र वॉरंटवर कोर्टात नेलं, ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

गुन्हा म्हणाल तर चेक न वटल्याचा. पतसंस्थेचं कर्ज, थकलेले हप्ते, परत आलेला चेक आणि मग कलम १३८ खाली खासगी तक्रार. हा गुन्हा जामीनपात्र आहे. सरांचं सगळं गणित इथेच चुकलं. गुन्हा जामीनपात्र, मग पोलीस उचलून कसे नेतील, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पण गुन्हा जामीनपात्र असणं वेगळं आणि वॉरंट जामीनपात्र असणं वेगळं.

पहिला कागद समन्सचा होता. समन्स म्हणजे कोर्टाचं बोलावणं: अमुक तारखेला स्वतः किंवा वकिलामार्फत या. त्यात अटकेचा अधिकार कुणालाच नसतो. सर घरी नव्हते, सूनबाईंनी सही करून प्रत घेतली. जुन्या कायद्यात घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच प्रत देता यायची, त्यामुळे दारात उभं राहून ‘घरात पुरुष माणूस कोण आहे’ असं विचारायला लागायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत घरातली कुणीही सज्ञान व्यक्ती चालते. म्हणजे ती सही झाली आणि समन्स रीतसर बजावलं गेलं. कागद लाइट बिलांच्या फाइलमध्ये गेला. मला कुणी दिलंच नाही, हे सर आजही म्हणतात आणि ते खोटं बोलत नसावेत. पण कोर्टापुढे बजावणीचा अहवाल असतो, फाइल नसते.

(चेकच्या प्रकरणात पोस्टाचं पाकीट परत पाठवून सुटलो असं मानणारे तर खूप. ‘घेण्यास नकार’ असा पोस्टमनचा शेरा आला की कोर्ट समन्स बजावलं गेलं असं जाहीर करू शकतं. पाकीट न घेणाऱ्याला फक्त आत काय लिहिलंय ते कळत नाही.)

तारखेला पुकारा झाला, कुणी हजर नाही, म्हणून जामीनपात्र वॉरंट निघालं. लोकांना वाटतं वॉरंट म्हणजे बेडी. या वॉरंटच्या खाली न्यायाधीशांचं पृष्ठांकन असतं: आरोपीने इतक्या रकमेचा जातमुचलका आणि जामीनदार दिला तर त्याला सोडावं. त्या ओळी आहेत म्हणून पोलिसाला सोडता येतं. रक्कम दहा हजार होती. आमचा एक तरुण शिपाई गेला, शेजारचे काका जामीनदार म्हणून उभे राहिले, पाच मिनिटांत कागद झाले आणि तो म्हणाला, “काही नाही सर, फक्त इथे सही करा.”

माझा राग आहे तो इथे. शिपायाने नियमाबाहेर काही केलं नाही, कागद त्याचे चोख होते. पण त्या जातमुचलक्यात लिहिलेलं असतं की मी अमुक तारखेला कोर्टात हजर राहीन, कोर्टाचा दुसरा आदेश होईपर्यंत हजर होत राहीन आणि चुकलो तर ही रक्कम सरकारजमा होईल. जामीनदार वेगळी सही करतो की मी यांना हजर ठेवीन, नाहीतर मीही तेवढी रक्कम भरीन. हे वाचून दाखवायला फार तर दोन मिनिटं लागतात. मी दाखवतो, तारखेवर बोट ठेवून दाखवतो आणि आरोपीला ती स्वतःच्या हाताने घरातल्या कॅलेंडरवर लिहायला लावतो. ठाण्यात यावरून माझी चेष्टा होते. बजावणीच्या मासिक तक्त्यात वॉरंट ‘बजावले’ एवढंच मोजलं जातं, माणूस तारखेला गेला का याला रकानाच नाही.

सरांची समजूत झाली की पोलीस आले, जामीन झाला, विषय मिटला. तारीख गेली. मग जे वॉरंट आलं त्याच्या खाली त्या ओळी नव्हत्या. त्या ओळी नसल्या की माझ्या हातात काही उरत नाही. मी ओळखीचा असो, आरोपी सत्तरीचा असो, तक्रारदाराने फोनवर ‘पैसे मिळाले, सोडा’ म्हटलेलं असो, वॉरंट रद्द करायचं ते कोर्टाने. आणि तारीख उलटली म्हणून ते आपोआप मरत नाही; बजावेपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत ते जिवंत असतं.

अशा माणसाकडे मी सकाळीच जातो. संध्याकाळी धरलं तर कोर्ट बंद आणि रात्र कोठडीत. कायद्याने चोवीस तास दिलेत, पण ते वापरायलाच हवेत असं कुठे आहे? साडेआठला पोहोचलो. सर बनियनवर दाढी करत होते, एक गाल साबणाचा.

“अहो, मागच्या वेळी सही केली ना मी?”

“केली सर. ती तारखेला येण्याची होती.”

वॉरंट त्यांच्या हातात दिलं. शिक्षकच ते, पूर्ण वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. मुलाला फोन करायला लावला, बीपीच्या गोळ्या आणि आधार कार्ड घ्यायला सांगितलं, बाकीची दाढी होऊ दिली. ठाण्यात डायरीला नोंद, नातेवाइकांना कळवल्याची नोंद, सरकारी दवाखान्यात तपासणी. तिथे रांगेत तास गेला आणि मी घड्याळ बघत राहिलो, कारण मॅजिस्ट्रेट जेवायला उठले की दुपार जाते.

साडेबाराला उभं केलं. वकिलाने अर्ज दिला. मॅडमनी विचारलं, “समन्स मिळालं होतं?” सर म्हणाले, “सुनेला मिळालं होतं.” “आणि जामीनपात्र वॉरंट?” यावर ते गप्प. आधीच्या जातमुचलक्यापैकी दोन हजार भरून घेतले, बाकी माफ केले. नवा जामीन, नवी तारीख. चारला सर मोकळे झाले. मूळ चेकच्या रकमेबद्दल त्या दिवशी कुणी एक शब्दही बोललं नाही. ती केस जिथल्या तिथे आहे.

शेजारच्या काकांनाही कोर्टाची नोटीस निघाली होती: तुमच्याकडून दहा हजार का वसूल करू नयेत, कारण दाखवा. ती माझ्याच टेबलावर आली. घेऊन गेलो तर काका म्हणाले, “मी कशाला येऊ कोर्टात? माझा काय संबंध? तुमचा पोलीसच म्हणाला होता, काही नाही म्हणून.”

मी त्यांच्याच सहीची झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवली आणि चष्मा आणायला सांगितलं.