खुब्याचा एक्स-रे, ‘नॉर्मल’ रिपोर्ट आणि आमची झालेली फरफट

माझ्या लेकीला सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी आहे, दोन्ही पाय कडक, वॉकर धरून चालते. सीपीच्या मुलांच्या हालचालीवरून ज्या पाच लेव्हल करतात (जीएमएफसीएस म्हणतात त्याला), त्यात ती तिसरीत येते. हे आधीच सांगते कारण खुब्याचा धोका या लेव्हलवरच ठरतो. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे आपली आपण चालणाऱ्या-पळणाऱ्या मुलांना खुबा सरकायची भीती जवळपास नसते, तिसऱ्या लेव्हलला दहातल्या साधारण चार मुलांचा सरकतो आणि पाचव्या लेव्हलला दहातल्या नऊ जणांचा. आणि सरकतो तेव्हा दुखत नाही! सुरुवातीला तर अजिबातच नाही. मूल हसतंय, चालतंय, मांड्याही बऱ्यापैकी फाकतायत, आणि आत मांडीच्या हाडाचा गोळा हळूहळू खुब्याच्या वाटीबाहेर चाललाय असं होऊ शकतं. म्हणून नुसतं हाताने तपासून भागत नाही, ठरलेल्या वेळी एक्स-रे काढावाच लागतो, आमच्या लेव्हलला दर सहा महिन्यांनी, आकडा स्थिर राहिला तर मग वर्षातून एकदा.

आकडा म्हणजे मायग्रेशन पर्सेंटेज. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा किती टक्के भाग वाटीच्या छपराबाहेर आहे, एवढंच. ३०च्या पुढे गेला की सावध व्हायचं, ४०च्या पुढे गेला की बहुतेक ठिकाणी ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं, १०० म्हणजे खुबा पूर्ण निखळला.

लेक तीन वर्षांची असताना डावा २८ होता, उजवा २४. चार पूर्ण झाल्यावर पुन्हा एक्स-रे काढला, आणि इथून जे सुरू झालं त्याचा राग मला अजून येतो.

रिपोर्ट आला: ‘दोन्ही खुबे नॉर्मल. फ्रॅक्चर किंवा डिसलोकेशन दिसत नाही.’ बस. आकडा नाही, मागच्या फिल्मशी तुलना नाही, मागची फिल्म मी सोबत नेली होती तिचं पाकीटसुद्धा कोणी उघडलं नव्हतं. डिसलोकेशन नाही हे खरंच होतं, पण आम्ही ते विचारलंच नव्हतं ना! डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सीपी लिहिलेलं, खुबा सरकतोय का बघा असं लिहिलेलं, आणि उत्तर मात्र पडून-झडून आलेल्या मुलाला देतात तसं. तो कागद फाइलला लावून सहा महिने निवांत बसणारे आईबाप किती असतील या विचारानेच मला कसंतरी होतं.

आमच्या ऑर्थो डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि फिल्म स्क्रीनवर लावून स्वतः मोजलं, मला दाखवत दाखवत. दोन्ही वाट्यांच्या तळाशी लहान मुलांत कूर्चेची फट दिसते, त्या दोन फटींना जोडणारी एक आडवी रेघ, मग वाटीच्या बाहेरच्या टोकापासून तिला काटकोनात खाली एक उभी रेघ. गोळ्याची रुंदी आली २५ मिलिमीटर, त्यातला उभ्या रेघेच्या बाहेर गेलेला भाग साडेदहा. म्हणजे ४२ टक्के. माझे हातपाय गार पडले. पण डॉक्टर म्हणाले, थांबा, या फिल्मवर मी काहीच ठरवणार नाही, ही फिल्मच चुकीची काढलीय. बघा म्हणाले, डावी मांडी आत वळून उजवीवर चढलीय, पाय असा आत आला की गोळा आहे त्यापेक्षा जास्त बाहेर दिसतो. आणि ओटीपोटाच्या हाडात खाली दोन भोकं दिसतात ना, ती एक मोठं एक बारीक दिसतायत, म्हणजे कंबर फिरलेली आहे. पुन्हा काढून आणा.

हे ‘पुन्हा काढून आणा’ म्हणजेच सगळी फरफट. एक्स-रे विभागात खिडकीवरचे म्हणाले एक्स-रे झालाय, रिपोर्ट आलाय, नॉर्मल आहे, परत कशाला, मुलीला रेडिएशन कशाला देताय. मी म्हटलं कारण चिठ्ठीवर लिहिलंय. तर ती चिठ्ठी जुनी, नवीन आणा. नवीन आणली तर त्यावर विभागप्रमुखांची सही हवी, ते जेवायला गेलेले, मग मीटिंगला, मग उद्या या. ‘उद्या’ नवीन नंबर, नवीन रांग, मूल कडेवर, वॉकर दुसऱ्या हातात. आणि लेक एवढा वेळ थांबली की दमते, दमली की रडते, रडली की पाय आणखी कडक होऊन एकमेकांवर चढतात, म्हणजे फिल्म पुन्हा वाकडीच येणार!

शेवटी आत घेतलं तर टेक्निशियनने आधीची तक्रार ऐकून नेमकं उलटं केलं. पाय फाकवून धरा म्हणाला, चांगले फाकवा. मी धरले, कारण तेव्हा मला कोणी सांगितलेलंच नव्हतं की पाय बाहेर ओढले की गोळा वाटीत आत गेलेला दिसतो आणि आकडा खोटाच कमी येतो. आला २९. शिवाय पोटाखाली शिशाचं झाकण असं ठेवलं की वाटीच्या तळाची ती फटच झाकली गेली, रेघ मारायची कुठून? एकाच महिन्यात एकाच मुलीचा एकच खुबा ४२ आणि २९. यातला एक आकडा धरला तर हाड कापायचं, दुसरा धरला तर घरी जाऊन बसायचं.

त्यानंतर डॉक्टरांनी आमच्या फिजिओताईंना सोबत पाठवलं आणि मग एका झटक्यात झालं, म्हणून त्यांनी काय केलं ते नीट लिहिते. टेबल गार होतं, त्यावर आधी घडी करून चादर टाकली, कारण गार टेबलाला पाठ लागली की आमच्या लेकीचे पाय ताठ होतात. उताणी झोपवल्यावर कमरेखालून त्यांचा हात आरपार जात होता, एवढी पोकळी. खुबे पुढून आखडलेले असले की अशी कमर उचलली जाते. मग त्यांनी गुडघ्यांखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली, पोकळी भरेपर्यंत, आणि कमर टेबलाला टेकली. दोन्ही मांड्या एकमेकींना समांतर, ना आत ना बाहेर. गुडघ्याच्या वाट्या सरळ छताकडे. कमरेची दोन्ही बाजूची हाडं बोटाने चाचपून एका पातळीत आणली. मी शिशाचा एप्रन घालून गुडघे धरले (आई गरोदर असेल तर तिने आत थांबायचंच नाही, दुसऱ्या कोणीतरी धरायचं). ताई हळू आवाजात गाणं म्हणत राहिल्या, पाय सैल झाले तेव्हा टेक्निशियनला मान हलवली. झालं.

या फिल्मवर गोळा २५, बाहेर ९, म्हणजे ३६ टक्के. उजवा २५ टक्के. मोजमापात थोडाफार फरक पडतोच, दोन-चार टक्क्यांवर घाबरून जायचं नाही, पण वर्षात २८चा ३६ झाला म्हणजे डावा खरंच सरकत होता आणि ‘नॉर्मल’ नक्कीच नव्हता.

आता बोटॉक्सबद्दल, म्हणजे कडक स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनबद्दल, कारण ते मला सगळेच विचारतात. लेक तीन वर्षांची असताना पोटऱ्यांना दिलं होतं, ती चवड्यांवर चालायची म्हणून. काही दिवसांत पोटऱ्या सैल पडायला लागल्या, महिन्याभरात सगळ्यात चांगल्या होत्या, प्लास्टर आणि मग स्प्लिंट लावल्यावर टाच टेकायला लागली, चार-पाच महिन्यांत असर ओसरला. त्या कामाला ते उपयोगी पडलं, मी नाही म्हणणार नाही. त्यामुळे मी डॉक्टरांना विचारलं की मग जांघेच्या स्नायूंनाही द्या, खुबा वाचेल. ते स्पष्ट नाही म्हणाले. जांघेत दिलं तर चालताना गुडघे एकमेकांवर आपटणं काही महिने कमी होईल, कपडे बदलणं सोपं जाईल, पण खुबा त्याने थांबत नाही. ऑस्ट्रेलियात बोटॉक्स आणि पाय फाकवून ठेवणारा पट्टा दोन्ही एकत्र वापरून बघितलेत, २००८ मध्ये ते छापून आलं, सरकण्याचा वेग जरासा कमी झाला पण खुबे काही वाचले नाहीत. कारण नुसता स्नायू कडक असतो असं नाही. मूल उशिरा आणि कमी उभं राहतं त्यामुळे मांडीच्या हाडाची मान जास्त उभी राहते आणि पुढे पिळलेली राहते, लेकीचे पाय आत वळतात त्यातही या पिळाचा हात आहे. इंजेक्शनने हाड सरळ होत नाही. हे कळलं नसतं तर बोटॉक्सच्या भरवशावर आम्ही आणखी सहा महिने काढले असते.

३६ असताना आणि डावी मांडी जेमतेम २५ अंश फाकत असताना दोन्हीकडचे जांघेचे स्नायू सोडवायचं ठरलं. उजवा बरा होता तरी दोन्हीकडे, कारण एकच बाजू सोडवली तर कमर एकीकडे झुकून दुसरा खुबा सरकायला लागू शकतो. ऑपरेशन, प्लास्टर, फिजिओ, सगळं सरळ पार पडलं, लिहिण्यासारखं काही नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की तिसऱ्या लेव्हलला एवढ्यावर निभावतं ते साधारण निम्म्या मुलांचं, चौथ्या-पाचव्या लेव्हलला त्याहून खूप कमी. नाही निभावलं आणि ४० ओलांडले तर मांडीचं हाड वरून कापून मान खाली वळवायची, पीळ काढायचा, प्लेट लावायची, आणि वाटी उथळ असेल तर तिच्या वरचं हाड कापून छप्पर खाली आणायचं. ते मोठं ऑपरेशन आहे, पण खुबा निखळून दुखायला लागल्यावर करण्यापेक्षा गोळा अजून गोल असताना केलेलं बरं.

मधेच आठवलं म्हणून: भूल दिलेलीच आहे तर टाचेची शीरही लांब करून टाका असं आमच्याच घरातून सुचवलं गेलं. दोन्ही पायांत सीपी असलेल्या लहान मुलाची नुसती टाचेची शीर लांब केली तर पुढे वजन वाढल्यावर गुडघे वाकवून, खाली दबून चालायला लागतं आणि ते परत सुधारणं फार अवघड जातं. आमच्या डॉक्टरांनी हात लावला नाही. चालण्याचं जे काय करायचं ते मोठी झाल्यावर, गेट अॅनालिसिस म्हणजे चालण्याची तपासणी करून, सगळ्या सांध्यांचं एकदमच.

एक वर्षाने डावा ३० आला. पण बघणं चालूच आहे आणि हाडांची वाढ थांबेपर्यंत चालू राहील, कारण स्नायू सोडवल्यानंतरही पुन्हा सरकू शकतो.

आता मी एक्स-रेला जाताना डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घेते: ओटीपोटाचा समोरून एक्स-रे, मांड्या समांतर, गुडघ्याच्या वाट्या वर, गुडघ्यांखाली आधार, दोन्ही बाजूंचं मायग्रेशन पर्सेंटेज लिहा, मागच्या फिल्मशी तुलना करा. फिल्मची सीडी मागून घेते, कागदी रिपोर्टवर भागवत नाही. आणि टेबलावरून लेकीला उचलायच्या आधी स्क्रीनवर बघते, दोन भोकं सारखी दिसतायत का, मांड्या सरळ आहेत का. नसतील तर तिथेच सांगते, कारण तेव्हा पुन्हा काढायला दोन मिनिटं लागतात आणि खिडकीवर परत जावं लागत नाही.