टोकनचा एक लाख कशाचा?

मी छत्रपती संभाजीनगरला वकिली करते, त्यात जास्त काम सर्च रिपोर्ट आणि खरेदीखताचं. टोकनवरून भांडणं आमच्याकडं नेहमीच येतात, पण रजिस्ट्रीच्या दिवशी, सगळे समोर बसलेले असताना, बँकेतून गेलेल्या पैशावरच वाद उभा राहिला असं एक प्रकरण झालं ते सांगते. लोकांना वाटतं रोख दिले की धोका, बँकेतून दिले की झालं. तेवढंच नसतं.

घेणारे जालन्याकडचे एक जिल्हा परिषदेचे शिक्षक. फ्लॅट बीड बायपासकडचा, जुना, रीसेलचा, एका काकूंच्या एकटीच्या नावावर. काका वारलेले, व्यवहार सगळा मुलगाच बघत होता. भाव ठरला 38 लाख. त्यातले 28 लाख बँकेचं लोन आणि 10 लाख सरांचे स्वतःचे. 50 लाखाच्या आतला सौदा म्हणून टीडीएसची भानगड नव्हती.

सरांनी फ्लॅट बघितला तो रविवार होता, एजंट म्हणला आजच टोकन द्या नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे, म्हणून सरांनी तिथंच मोबाईलवरून एक लाख यूपीआय केले, मुलाच्या नंबरवर, कारण काकूंना यूपीआयच नव्हतं. मग एजंटनं स्टॅम्पपेपरवर इसारपावती करून दिली, तिच्यात एवढंच लिहिलं की टोकन रु. 1,00,000 मिळाले. कुणाच्या खात्यातून, कुणाच्या खात्यात, कोणत्या तारखेला, नंबर काय, काहीच नाही. खाली काकूंची सही. त्यानंतर सर माझ्याकडं आले ते चार लाख भरूनच, ते मात्र त्यांनी आरटीजीएसनं थेट काकूंच्या खात्यात टाकले होते.

इसारपावती बघितली तेव्हाच मी सरांना म्हणलं, हे काकूंकडून नीट लिहून घ्या. मुलाला फोन केला की तो म्हणायचा, हो मॅडम, रजिस्ट्रीला येतोच आहे की, तेव्हा करू. एक गोष्ट लक्षात घ्या, जमीन-घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याच्या वर रोख घ्यायला 2015 च्या जूनपासून आयकर कायद्यानं मनाई आहे, आणि जेवढे रोख घेतले तेवढाच दंड, तोही घेणाऱ्याला. आता पावतीत 'मिळाले' एवढंच असलं की वाचणारा काय समजणार? रोखच समजणार. म्हणजे काकूंनी न घेतलेल्या रोखीची कबुली त्या कागदावर बसली होती.

रजिस्ट्रीच्या दिवशी सरांनी सकाळी उरलेले पाच लाख आरटीजीएस केले. मुलानं स्क्रीनशॉट मागितला, मी म्हणलं स्क्रीनशॉटवर जाऊ नका, काकूंच्या बँकेत जाऊन पासबुकला एन्ट्री मारून आणा. स्क्रीनशॉट कुणीही बनवतो, आणि खरा असला तरी पैसे खात्यात पोचलेच याची खात्री देत नाही. एन्ट्री मारून आणली, पाच लाख दिसले. बँकेचे अधिकारी 28 लाखाचा डीडी काकूंच्या नावाचा घेऊन आले होते, दस्तावर सह्या-अंगठे झाले की हातात द्यायचा.

आणि काकू पासबुक हातात धरून म्हणल्या, "मॅडम, माझ्या खात्यात तर नऊच लाख आले. एक लाख राहिलेत न अजून."

सरांनी मुलाकडं बघितलं. मुलगा म्हणला, "ते एक लाख फर्निचरचे होते. सोफा, एसी, कपाटं, ते वेगळंच ठरलं होतं आपलं." सर एकदम उभेच राहिले. काकूंना खरंच काही माहिती नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

आता बघा, सरांकडं बँकेचा पुरावा होता. स्टेटमेंटला तारीख होती, रक्कम होती, बारा आकडी नंबर होता, मुलाचं नाव होतं. पण बँकेचं स्टेटमेंट पैसे गेले एवढंच सांगतं, कशासाठी गेले ते नाही. यूपीआय करताना शेरा टाकायची जागा असते, ती सरांनी रिकामी सोडलेली. ज्याच्या खात्यात गेले तो मालक नाही, आणि मालकाच्या पावतीत त्या एन्ट्रीचा नंबर नाही. दोन्ही कागद खरे, पण एकमेकांना जोडणारा धागाच नाही.

मी सरांना म्हणलं, त्या रविवारचं मुलासोबतचं व्हॉट्सअ‍ॅप काढा. शोधायला वेळ लागला, मागं रजिस्ट्री ऑफिसवाले आमच्या ठरलेल्या वेळेसाठी, म्हणजे स्लॉटसाठी, बोलवायला लागले, पण सापडलं. पैसे गेल्यावर लगेच मुलाचा मेसेज होता, "टोकन मिळाले सर, आता फ्लॅट दुसऱ्याला दाखवणार नाही." खाली त्याच तारखेला पाठवलेला इसारपावतीचा फोटो, त्यावर तीच रक्कम. मी स्टेटमेंट, मेसेज आणि पावती काकूंसमोर ओळीनं ठेवली आणि वाचून दाखवली. फर्निचरचा शब्द कुठंच नव्हता. काकू मुलाला एवढंच म्हणल्या, "तू टोकन म्हणूनच घेतलेस की रे." मग तो गप्प झाला.

पण प्रश्न तिथं संपत नव्हता. मुलगा म्हणला मी आईला आत्ता एक लाख टाकतो, विषय संपवा. मी नको म्हणलं. तसं केलं असतं तर खरेदीखतात लिहावं लागलं असतं की घेणाऱ्यानं तिसऱ्याच माणसाला दिले आणि त्यानं मालकाला दिले, आणि बँकेचे अधिकारीही तेच म्हणत होते, की सरांचे स्वतःचे 10 लाख हे सरांच्या खात्यातून विकणाऱ्याच्या खात्यात गेलेले दिसले पाहिजेत, त्यावरच डीडी सोडणार. म्हणून मुलानं एक लाख सरांना आयएमपीएसनं परत केले, 'टोकन परत' असा शेरा टाकून, आणि सरांनी ते काकूंच्या खात्यात टाकले, शेऱ्यात फ्लॅट नंबर. काकूंच्या खात्यात जमा झाल्याचं त्यांच्या मोबाईलच्या मेसेजवर आणि बँकेच्या ॲपवर दोन्हीकडं बघितलं.

दस्तातलं मोबदल्याचं पान बदलून प्रिंट काढली. एकूण रक्कम तीच 38 लाख, त्यामुळं स्टॅम्प ड्युटीला हात लागला नाही. नव्या पानावर चारही रकमा तारखेसह, चार लाख आणि पाच लाखाला आरटीजीएसचे बावीस अक्षरी यूटीआर नंबर, एक लाखाला नवा नंबर, 28 लाखाला डीडी नंबर आणि शाखेचं नाव, आणि प्रत्येकासमोर विकणाऱ्याचं खातं कोणतं ते. जुन्या इसारपावतीवर काकूंनी लिहून दिलं की यातला एक लाख मुलाच्या खात्यात आला होता, तो अमुक तारखेला परत गेला आणि पुन्हा माझ्या खात्यात मिळाला. हे लिहून घेतलं नसतं तर पुढं कुणी दोन वेगवेगळे लाख धरले असते.

स्लॉट गेलाच होता, पण तिथल्या कर्मचाऱ्यांनी सांभाळून घेतलं. सह्या, फोटो, अंगठे झाले, डीडी काकूंच्या हातात गेला, मूळ दस्त बँकेकडं गेला. सरांना मी त्यांच्या खात्याचं टोकनच्या महिन्यापासूनचं स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्यानिशी काढून दस्ताच्या प्रतीसोबत ठेवायला सांगितलं, कारण मोबाईल बदलला की बऱ्याचदा व्हॉट्सअ‍ॅप जातं. आणि सोफा, एसी, कपाटं यांची यादी करून काकूंची सही घेतली, किंमत 38 लाखातच धरलेली.