एक शून्य जास्त

होई अनमधल्या एका गेस्टहाउसने माझ्या धुण्याचे ९ लाख डाँग लावले. कपडे होते तीन किलो, दर किलोला ३०,०००. म्हणजे व्हायला हवे होते ९०,०००. व्हिएतनामी चलनात शून्यं इतकी असतात की एखादं जास्त पडलं तरी डोळ्याला खुपत नाही. मलाही कार्ड सरकवून हनोईला परतल्यावरच ते दिसलं.

मेल व्हिएतनामीतच लिहायचा ठरला. ऑफिसातली एक मैत्रीण शेजारी बसली. पहिला पेच होता स्वतःला काय म्हणायचं याचा. समोरच्याला 'आन' किंवा 'ची', म्हणजे आपल्या दादा-ताईसारखंच. कोण वाचणार हे ठाऊक नसल्यामुळे दोन्ही लिहायचं, मध्ये तिरकी रेघ देऊन. पण स्वतःला 'एम' म्हटलं की आपण धाकटे होतो, आणि धाकट्याने हिशेब मागायचा तर आवाज आपोआप खाली येतो. म्हणून तिने 'तोय' घेतलं. त्यात ना लाड, ना उर्मटपणा. तक्रारीला अगदी योग्य.

मग मजकूर. 'तुम्ही जास्त पैसे घेतलेत' असं वाक्य तिने लिहूच दिलं नाही. बिलात गफलत झालेली दिसते, कृपया पुन्हा तपासून द्यावं, एवढंच. चूक बिलाची, माणसाची नाही. काउंटरवरच्या मुलीला मालकासमोर मान खाली घालावी लागू नये. मला आधी हे जरा बुळबुळीत वाटलं. पण त्याखाली तिने आकडे मांडले ते बघण्यासारखे होते:

खोली, ३ रात्री: 1.350.000
स्कूटर, २ दिवस: 300.000
धुणं, ३ किलो: 90.000
एकूण: 1.740.000
घेतलेली रक्कम: 2.550.000
परत द्यायची रक्कम: 810.000

हजारांसाठी टिंबच, कारण तिथे स्वल्पविराम दशांशाचं काम करतो. सोबत बिलाचा फोटो, कार्डाच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट, खोली क्रमांक, तारखा. आणि शेवटी, आभार मानायच्या आधी, 'शुक्रवारपर्यंत परत करावेत'. 'लवकरात लवकर' तिने खोडलं. त्याला उत्तरही लवकरात लवकरच मिळतं म्हणाली. वाईट रिव्ह्यू टाकण्याची धमकी तर नकोच. ती एकदा दिली की समोरचा हिशेब बघायचं सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, भरपूर दिलगिरीसह. पण परदेशी कार्डावर पैसे परत करायला वेळ लागेल, स्थानिक बँक खातं असेल तर लगेच पाठवतो, असं होतं. मी मैत्रिणीच्या खात्याचा क्यूआर पाठवला. तिच्या फोनवर ८ लाख १० हजार वाजले, नि तिने आधी शून्यं मोजली.