सातव्या प्रश्नाची दुरुस्ती

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी मी बीड जिल्ह्यातील पदवीच्या विद्यार्थ्यांमधील कॉपीचे प्रमाण हा विषय घेतला होता. प्रश्नावलीतील सातवा प्रश्न मी असा लिहिला होता : 'कॉपी करणे चुकीचे असूनही तुम्ही परीक्षेत कधी कॉपी केली आहे का किंवा इतरांना करू दिली आहे का?' पूर्वचाचणीत वर्गातील एकूण एक विद्यार्थ्याने 'नाही' लिहिले. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांचे उत्तर एकच आले, म्हणजे या प्रश्नाने काहीच मोजले नाही."

त्यांच्या सांगण्यावरून मी एका विद्यार्थ्याला बाजूला बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला आणि मनात येईल ते बोलायला सांगितले. तो म्हणाला, "सर, मी कुणाचं पाहून लिहिलं नाही, पण मागच्याला पेपर दाखवला होता. मग हो लिहू का नाही? आणि चुकीचं आहे, हे तर तुम्हीच आधी लिहून ठेवलंय."

एकाच प्रश्नात दोन कृती होत्या आणि उत्तर आधीच सुचवलेले होते. मी 'चुकीचे' आणि 'कॉपी' हे दोन्ही शब्द काढून दोन स्वतंत्र प्रश्न केले : 'मागील सत्र परीक्षेत तुम्ही दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेत पाहून एखादे उत्तर लिहिले का?' आणि 'मागील सत्र परीक्षेत तुम्ही तुमची उत्तरपत्रिका दुसऱ्याला पाहू दिली का?' विद्यार्थ्यांचा संकोच जावा म्हणून 'अनेक जण असे करतात' ही ओळ जोडण्याचा मोह मला झाला होता. परंतु तीही सूचकच ठरते, फक्त उलट दिशेने, म्हणून मी ती गाळली. हजेरी क्रमांकाचा रकानाही काढून टाकला.

तरीही पाहून लिहिल्याची कबुली द्यायला मुले कचरत होती, तेव्हा त्या एका प्रश्नासाठी नाणे वापरले. प्रत्येकाने बाकाखाली नाणे उडवायचे. छापा आला तर काहीही असो 'हो' लिहायचे, काटा आला तर खरे उत्तर लिहायचे. त्यामुळे कोणाचाही 'हो' त्याच्यावर दोष ठेवत नाही. समजा, 200 पैकी 130 'हो' आले, तर त्यांतले सुमारे 100 नाण्याचे धरायचे. उरलेल्या 100 जणांत 30 'हो', म्हणजे प्रमाण साधारण 30 टक्के. 'हो' निम्म्याहून बरेच कमी आले, तर छापा येऊनही काहींनी 'नाही' लिहिले आहे, हे ओळखावे. असे होऊ नये म्हणून मी आधी 'आज सकाळी चहा घेतला का?' या साध्या प्रश्नावर सर्वांकडून नियमाचा सराव करून घेतला.

या पद्धतीत एकेका विद्यार्थ्याचे खरे उत्तर कधीच कळत नाही आणि अंदाजातील चूक वाढते. या उदाहरणात ती थेट प्रश्नाच्या सुमारे दुप्पट होते, म्हणजे तेवढीच अचूकता हवी असल्यास चौपटीहून अधिक विद्यार्थी लागतात. माझ्याकडे 200 विद्यार्थीच होते, म्हणून महाविद्यालयांची आपसांत तुलना करण्याचे उद्दिष्ट मी आराखड्यातून वगळले.