दगड फुटला कुठं?

बारा मिनिटांची शॉर्टफिल्म, 1972 च्या दुष्काळावर. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या एका बाईची गोष्ट. बजेट 75 हजार आणि शूटिंगचे दोनच दिवस, तेही नोव्हेंबरात, कारण मुख्य अभिनेत्रीला नाटकाच्या प्रयोगांमधून तेवढीच सुट्टी होती. शॉट्सची यादी केली तर साठच्या वर गेली. पैसे घालणारे गृहस्थ म्हणाले, "एवढी यातायात कशाला? सगळं एआयवर करून टाका." पैसेवाल्यांना हल्ली हे फार सोपं वाटायला लागलंय.

मी खरोखरच करून बघितलं. शूटिंगच्या आधीचे दोन आठवडे रोज रात्री एकच शॉट: बाईचा हात, हातोडी, दगड. चाळीसेक क्लिप काढल्या. एकीत हातोडी पोचायच्या आधीच दगड दुभंगला, दुसरीत हातोडीच दगडात रुतली. लुगड्याचा काष्टा तर दोन सेकंदांत गोल साडी व्हायचा. या साधनांना पुढची फ्रेम कशी दिसेल ते बऱ्यापैकी कळतं, पण वस्तूचं वजन कळत नाही. त्यामुळे एक वस्तू दुसरीवर आदळली की चोरी पकडली जाते.

लोकेशन बघायला माण तालुक्यातल्या एका गावी गेलो, तेव्हा त्यातली बरी क्लिप मोबाईलवर एका आजींना दाखवली. त्यांनी बहात्तरला स्वतः खडी फोडली होती. बघून म्हणाल्या, "आगं पोरी, दगड फुटला कुटं? ह्यो तर इरघळला." मग खाली बसल्या, एक पाय लांब केला, डाव्या हाताच्या बोटांना चिंधी गुंडाळली आणि घाव घालताना तोंड किंचित बाजूला वळवलं. कपच्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून. ते तोंड वळवणं माझ्या एकाही क्लिपमध्ये नव्हतं, कारण मलाच ते माहीत नव्हतं. हातांचे सगळे शॉट त्याच दिवशी 'शूट करायचे' या रकान्यात गेले.

राहिली गर्दी. माळावर साठ-सत्तर बाया हव्या होत्या, आमच्याकडे अकरा. इथेही एआय लागलं नाही. ट्रायपॉड वाळूच्या पिशव्यांनी घट्ट बसवला, एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअलवर ठेवलं. त्याच अकरा जणींना फ्रेममध्ये सहा ठिकाणी बसवून सहा टेक घेतले. प्रत्येक टेकला पदर आणि पाट्या बदलल्या, दोन घोळक्यांमध्ये मोकळी पट्टी सोडली, म्हणजे एडिटमध्ये सहाही टेक एकाच फ्रेममध्ये आणताना जोड तिथून घेता येतो. वेळ दुपारी बाराची निवडली. सावल्या तेव्हा आखूड असतात आणि अर्ध्या तासात त्यांच्या लांबीत फारसा फरक पडत नाही. चौथ्या टेकला वारा सुटला आणि धूळ मोकळ्या पट्टीवरून पलीकडे गेली. जोडाच्या रेषेवर ती धूळ कापल्यासारखी दिसली असती. आमच्या कॅमेरामनला ते तिथल्या तिथे दिसलं, लगेच पुन्हा टेक घेतला. त्याच्या या नजरेची किंमत कुठल्याच बजेटमध्ये धरलेली नसते. अकराच्या सहासष्ट झाल्या आणि एकीचाही काष्टा सुटला नाही.

एसटीचा शॉट मी काढूनच टाकला. त्या काळातली गाडी भाड्याने परवडत नव्हती, आणि एआयच्या गाडीवरच्या पाटीतली अक्षरं देवनागरीसारखी दिसायची, पण वाचता येत नव्हती. आता पडद्यावर फक्त इंजिनचा आवाज येतो, बायांच्या अंगावर फुफाटा उडतो आणि त्या पदर तोंडाला लावतात. गाडी दिसली असती तर लक्ष गाडीकडे गेलं असतं. आता ते बायांच्या तोंडांवर राहतं.

एआयचा शॉट शेवटी एकच राहिला. भेगाळलेलं, कोरडं तळं, वरून बघितलेलं. नोव्हेंबरात गावच्या तळ्यात पाणी होतं, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. लांबून दिसणारं दृश्य, त्यात माणूस नाही, काही कशावर आदळत नाही. म्हणून ते जमलं. आमच्याच फुटेजमधली माळाची एक फ्रेम सुरुवातीला दिली, म्हणजे मातीचा रंग जुळला. आठ सेकंदांतले शेवटचे तीन कापले, कारण तिथे भेगा सरकायला लागल्या होत्या. वर बाकीच्या फिल्मसारखाच ग्रेन चढवला. 'हे दृश्य एआयने तयार केले आहे' असं श्रेयनामावलीत लिहिलं.

मागच्या महिन्यात गावात, देवळासमोर फिल्म दाखवली. खडीच्या शॉटला त्या आजींनी शेजारणीला कोपराने ढोसलं. तळं आलं तेव्हा मात्र मागच्या बाकावरचे एक आजोबा पुढे वाकले. श्रेयनामावली सुरू होईपर्यंत लोक उठून चपला शोधत होते. आजोबा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, त्ये तळं कुठल्या गावचं? आमचं बी आसंच आटलं हुतं, पन त्याच्या मधोमध हीर व्हती."

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि काही बोलले नाहीत. फिल्म आता महोत्सवांना पाठवायची आहे. टाइमलाइनवर ती पाच सेकंदं मी तीनदा काढली आणि तीनदा परत ठेवली. काल कॅमेरामनला फोन केला. मे महिन्यात एक दिवस, फक्त आम्ही दोघं, एक कॅमेरा, आणि त्या तळ्यातली विहीर. एसटीने गेलो तर खर्चही फार नाही.