केक फ्लोअर नाही म्हणून मैदा आणि कॉर्नफ्लोअर

तुम्ही विचारलंत: "रेसिपीत केक फ्लोअर लिहिलेलं असतं, ते इथे सहज मिळत नाही. मग एक कप मैद्यातले दोन चमचे काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घालते. कधी केक मस्त होतो, कधी मध्ये बसतो, कधी कोरडा पडतो. प्रमाण तेच, मग असं का?"

कारण तुम्ही मोजता ते चमचे तेच असले तरी मैदा दर वेळी तोच नसतो. आणि केक फ्लोअर दोन कामं करतं, त्यातलं एकच कॉर्नफ्लोअरला जमतं.

आधी जमणारं काम. मैद्यात पाणी गेलं आणि मिश्रण ढवळलं की त्यातल्या प्रथिनांचं ग्लुटेन तयार होतं. ब्रेडला ते भरपूर लागतं, केकला थोडंच. केकमध्ये ग्लुटेन जास्त झालं की हवेच्या बुडबुड्यांभोवतीच्या भिंती ताणल्या जातात पण सहजी तुटत नाहीत. मग मोठी, लांबट भोकं पडतात, वरचा भाग घुमटासारखा फुगून तडकतो आणि घास चावताना किंचित ओढ लागते. प्रथिनं कमी असली की भिंती पातळ राहतात, जाळी बारीक आणि सारखी येते आणि केक जिभेवर विरघळतो. अमेरिकेत मिळणाऱ्या केक फ्लोअरमध्ये प्रथिनं साधारण ७ ते ९ टक्के असतात. आपल्याकडचा गहू मुख्यतः पोळीच्या हिशेबाने पिकवला जातो, त्यामुळे मैद्याच्या पाकिटावर १०० ग्रॅमला १० ते ११ ग्रॅम प्रथिनं छापलेली दिसतात, कधी जास्तही.

कॉर्नफ्लोअर म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं नगण्य. ते मिसळलं की मैद्यातली प्रथिनं पातळ होतात, एवढाच त्याचा हिशेब. (आपल्या दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळते ती पांढरीशुभ्र, चिमटीत करकरणारी पूड. पिवळसर मक्याचं पीठ वेगळं, ते इथे चालणार नाही.)

आता कपाची भानगड. अमेरिकन रेसिपीतला एक कप केक फ्लोअर साधारण ११५ ग्रॅम भरतो, तर त्याच कपात मैदा १२५ ग्रॅम किंवा दाबून भरला तर त्याहून जास्त मावतो. दोन कपांची रेसिपी असेल तर वीसेक ग्रॅम पीठ जास्त जातं, आणि केक कोरडा पडण्याचं हे पहिलं कारण असतं. म्हणून कप विसरा, काटा वापरा: एक कप केक फ्लोअरच्या जागी १०० ग्रॅम मैदा आणि १५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर. १५ ग्रॅम म्हणजे सपाट भरलेले जवळपास दोन टेबलस्पून. पोह्यांच्या चमच्याने मोजलंत तर कमी भरतं.

या प्रमाणात १० टक्क्यांच्या मैद्याची प्रथिनं ८.७ टक्क्यांवर येतात. ११ टक्क्यांच्या मैद्याची मात्र ९.६ वरच थांबतात, म्हणजे केक फ्लोअरच्या वरच्या टोकापेक्षाही जास्त. तुमचा "कधी मस्त, कधी नाही" हा प्रकार बऱ्याचदा इथून सुरू होतो. मैदा ११ किंवा वरचा असेल तर ९२ ग्रॅम मैदा आणि २३ ग्रॅम कॉर्नफ्लोअर घ्या, प्रथिनं ८.८ च्या आसपास येतील. यापुढे जाऊ नका. कॉर्नफ्लोअर एकूण पिठाच्या पाचव्या हिश्शाच्या पुढे गेलं की सुरी लावताच तुकड्याचा भुगा होतो, जिभेवर खडूसारखी चव राहते आणि दुसऱ्या दिवशी केक शिळ्या पावासारखा लागतो.

पाकिटावरचा आकडा ढोबळ असतो आणि सुट्या मैद्यावर तर काहीच छापलेलं नसतं. खात्री हवी असेल तर मैदा धुऊन बघा. १०० ग्रॅम मैद्यात ५५-६० मिली पाणी घालून घट्ट गोळा मळा आणि अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. मग भांड्यात पाणी घेऊन गोळा हळूहळू चोळत धुवा. पाणी दुधासारखं पांढरं होईल, तो स्टार्च. पाणी बदलत राहा. दहाएक मिनिटांत पाणी जवळजवळ स्वच्छ येतं आणि हातात पिवळसर राखाडी, रबरी गोळा उरतो. तो ओलं ग्लुटेन. हाताने नीट पिळून वजन करा. २५ ग्रॅम किंवा कमी भरला तर मैदा मऊ आहे, १५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर पुरे, कदाचित १० सुद्धा. ३० ग्रॅमच्या पुढे गेला तर २३ ग्रॅमचं प्रमाण लावा. खटाटोप वाटेल, पण दहा किलोचं पोतं आणणाऱ्यांनी एकदा तरी करावा.

मिसळण्याबद्दल एवढंच की दोन्ही एकत्र तीनदा चाळा. कॉर्नफ्लोअरच्या बारीक गुठळ्या फक्त ढवळून फुटत नाहीत, आणि तयार केकमध्ये त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात दिसतात. नेहमी करत असाल तर ८७० ग्रॅम मैदा आणि १३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर चाळून डब्यात भरून ठेवा.

आता कॉर्नफ्लोअरला न जमणारं काम, आणि केक मध्ये का बसतो ते. बऱ्याच अमेरिकन केक फ्लोअरवर क्लोरीन वायूची प्रक्रिया केलेली असते. (युरोपात तिला परवानगी नाही. ब्रिटनमध्ये कारखाने त्याऐवजी पीठ कोरडं तापवतात.) या प्रक्रियेने मैद्यातल्या स्टार्चच्या कणांचा पृष्ठभाग बदलतो, ते जास्त पाणी आणि लोणी धरतात, लवकर फुगतात, आणि पीठ किंचित आंबटही होतं. त्या जोरावर तिकडच्या कित्येक रेसिपींत साखर पिठाच्या वजनापेक्षा जास्त असते. साखर स्टार्चला फुगू देत नाही. साध्या पाण्यात मक्याचा स्टार्च ६५-७० अंशांच्या आसपास फुगतो, तर साखरेने भरलेल्या मिश्रणात तो ८० अंशांच्या पुढे जातो. अंडीही उशिरा आवळतात. मिश्रण वर चढून येतं, पण आतला सांगाडा घट्ट होण्याआधी बुडबुडे फुटतात आणि मधला भाग खाली येतो. कॉर्नफ्लोअरने प्रथिनं कमी केलीत म्हणजे आधार आणखी कमी केलात. अशा रेसिपीत हा बदल नुसता अपुरा नाही, उलटा पडतो.

एक रेसिपी घेऊन पाहू. पीठ ११५ ग्रॅम, साखर १५०, लोणी १००, दोन अंडी (कवचाशिवाय साधारण १०० ग्रॅम), दूध ५० मिली, बेकिंग पावडर एक टीस्पून, व्हॅनिला, चिमूटभर मीठ. ६ इंची गोल टिन. खऱ्या केक फ्लोअरने हा केक सपाट, बारीक जाळीचा उतरतो. आपल्या मिश्रणाने काठ उभे राहतात आणि मध्ये बशीसारखा खळगा पडतो. कापलात तर तळाशी ओलसर, दाट पट्टा दिसतो. त्याला कच्चा समजून दहा मिनिटं जास्त भाजलं तर काठ कोरडे होतात, पट्टा तसाच राहतो.

इथे साखर ११५ ग्रॅमवर आणा, म्हणजे पिठाइतकीच. दुधाऐवजी तेवढंच ताजं दही फेटून घाला. दह्याच्या आंबटपणामुळे अंड्यांची प्रथिनं थोडी आधी आवळतात, म्हणजे क्लोरीनच्या पिठाच्या गुणाचा एक अंश परत मिळतो. पण त्यात खायचा सोडा टाकू नका. सोडा तो आंबटपणा मारून टाकतो आणि दही घातल्याचा अर्थच उरत नाही. बेकिंग पावडर पुरेशी आहे.

लोणी-साखर फिकट आणि हलकी होईपर्यंत फेटा, अंडी एकेक करून घाला, मग पीठ आणि दही आळीपाळीने, तीन भागांत. पीठ पडल्यावर मशीन बंद. स्पॅच्युलाने कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच कट अँड फोल्ड करा. कॉर्नफ्लोअर घातलंय म्हणून कितीही ढवळलं तरी चालतं, हा समज चुकीचा आहे, ८.७ टक्के प्रथिनंही केक चिवट करायला पुरतात. ओव्हन १७० अंशांवर आधी तापवलेला, वेळ ३२ ते ३८ मिनिटं. मध्यावर बोटाने दाबल्यावर खळगा लगेच भरून आला की काढा.

मैदा फारच चिवट निघाला तर आणखी एक उपाय आहे, आणि माझ्या मते तो कॉर्नफ्लोअरपेक्षा भारी. लोणी-साखर न फेटता चाळलेल्या पिठात साखर, बेकिंग पावडर आणि मऊ लोणी घालून मिश्रण ओल्या वाळूसारखं होईपर्यंत हलवा, आणि मगच अंडी-दही घाला. लोण्याचा थर बसलेल्या पिठाला पाणी कमी मिळतं, ग्लुटेन कमी बनतं. केक थोडा कमी फुगतो, पण जाळी अगदी बारीक येते.

बिनअंड्याच्या केकचा हिशेब मात्र वेगळा. कंडेन्स्ड मिल्क किंवा दही घालून केलेल्या केकमध्ये अंड्याचा आधार नाही, जे काही धरून ठेवतं त्यात ग्लुटेनचा वाटा मोठा. तिथे साधा मैदाच बरा, फार तर कपाला एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर. दोन घातलेत तर केक टिनमधून निघतानाच चिरतो.

चॉकलेट केकमध्येही कॉर्नफ्लोअरची गरज सहसा नसते, कारण कोको पावडर मैद्याची जागा घेते आणि तिच्यात ग्लुटेन नसतं. ११५ ग्रॅमपैकी २० ग्रॅम कोको असेल तर काम झालं. नाताळच्या प्लम केकला तर मैद्याचं ग्लुटेन हवंच, नाहीतर मनुका आणि काजू सगळे तळाला जाऊन बसतात.